नो ड्यूज फॉर्म: एक सही अडली की पदवी का अडते

आठव्या सेमिस्टरचा निकाल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दिसतो. सगळे विषय सुटलेले असतात, पण हातात कागद एकही नसतो. मूळ गुणपत्रिका, ट्रान्सफर सर्टिफिकेट आणि तात्पुरते पदवी प्रमाणपत्र मिळायच्या आधी कॉलेजचे ऑफिस एक फॉर्म पुढे करते. त्यावर आठ-दहा चौकटी असतात आणि प्रत्येकीत कोणाची तरी सही लागते. याला सगळीकडे ‘नो ड्यूज’ म्हणतात. आपल्याकडे सहकारी सोसायटी आणि बँका जो ‘बेबाकी दाखला’ देतात, त्याचाच हा कॉलेजातला भाऊ. विद्यार्थ्याकडे संस्थेची कोणतीही बाकी नाही, एवढेच तो सांगतो.

हा फॉर्म पदवी कशी अडवू शकतो, हे समजायला आधी पदवी कोण देते ते पाहू. बेंगळुरूतील बहुतेक अभियांत्रिकी कॉलेजे बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी, म्हणजे व्हीटीयूशी संलग्न आहेत. हे विद्यापीठ 1998 साली स्थापन झाले. पदवी त्याच्या नावाने मिळते, कॉलेजच्या नाही. ग्रंथालयात तुमचे पुस्तक थकले आहे म्हणून विद्यापीठ तुमचे गुण बदलत नाही आणि निकालही मागे घेत नाही. पण विद्यापीठ आणि विद्यार्थी यांच्यामधला रस्ता कॉलेजातून जातो. छापील गुणपत्रिका साधारणपणे कॉलेजात येतात आणि तिथूनच वाटल्या जातात. ट्रान्सफर सर्टिफिकेट तर कॉलेजच तयार करते. त्यामुळे निकाल लागलेला असतो आणि कागद मात्र कपाटात असतो. स्वायत्त कॉलेजे आणि आयआयटीसारख्या संस्थांत प्रकरण आणखी घट्ट असते. ग्रंथालय, वसतिगृह आणि विभाग यांची बाकी नसणे ही तिथे अनेकदा पदवीच्या पात्रतेचीच एक अट म्हणून नियमावलीत लिहिलेली असते.

आता मुख्य गोष्ट. नो ड्यूज हा पैशांचा हिशेब आहे असे विद्यार्थ्यांना वाटते, म्हणून ते म्हणतात, ‘माझे पाच हजार डिपॉझिट तुमच्याकडे आहे, त्यातून कापून घ्या.’ हे चालत नाही, कारण प्रत्येक चौकट प्रत्यक्षात एका रजिस्टरबद्दल बोलते. सही करणारा माणूस ‘माझ्या रजिस्टरमध्ये या विद्यार्थ्याच्या नावावर उघडी नोंद नाही’ एवढेच सांगत असतो. नोंद एका पुस्तकाची असेल तर ते पुस्तक परत येईपर्यंत, हरवल्याचे मान्य होईपर्यंत किंवा तुमचे म्हणणे खरे ठरेपर्यंत ती उघडीच राहते. किती रुपये कापायचे हा आकडा त्यानंतर तयार होतो. डिपॉझिट लेखा विभागाकडे असते आणि त्याची चौकट फॉर्मवर शेवटी असते. आधीच्या सगळ्या चौकटींतून आकडा आल्याशिवाय लेखा विभाग वजाबाकी करूच शकत नाही.

सर्वांत जास्त वेळा अडते ती ग्रंथालयाची सही, म्हणून तिथे थोडे थांबू. खालचे उदाहरण काल्पनिक आहे, पण ही तऱ्हा कोणत्याही ग्रंथपालाला विचारा, ते ओळखतील.

‘अ’ आणि ‘ब’ हे एकाच खोलीत राहणारे, 2021 च्या प्रवेशाचे दोन विद्यार्थी आहेत. पाचव्या सेमिस्टरला दोघांनी मायक्रोइलेक्ट्रॉनिक सर्किट्सचे एकच पुस्तक घेतले. पुस्तक एकच असले तरी प्रती दोन. ग्रंथालय प्रत्येक प्रतीला स्वतंत्र दाखल क्रमांक देते. तो मुखपृष्ठामागच्या पानावर शिक्का मारून लिहिलेला असतो आणि बारकोडही त्याचाच असतो. ‘अ’च्या नावावर प्रत 48213 आहे, ‘ब’च्या नावावर 48217. परत करायची तारीख 15 डिसेंबर 2023. आदल्या दिवशी ‘अ’ टेबलावरचे पुस्तक उचलतो आणि काउंटरवर देऊन येतो. ते पुस्तक 48217 असते.

कोहासारख्या ग्रंथालय प्रणालीत काउंटरवर कोण उभे आहे याला महत्त्व नसते. बारकोड वाचला की ती प्रत ज्याच्या खात्यावर आहे त्याच्या खात्यातून उतरते. म्हणून ‘ब’चे खाते साफ झाले आणि ‘अ’चे तसेच राहिले. ‘ब’ने आपले खाते उघडून पाहिले, काही बाकी दिसली नाही, तेव्हा आपणच कधीतरी परत केले असेल असे त्याला वाटले. खोलीत उरलेली 48213 ही प्रत सुट्टीत त्याच्या ट्रंकेतून गावी गेली. ‘अ’ला प्रणालीने मुदत उलटल्याच्या सूचना पाठवल्या, पण त्या प्रवेशाच्या वेळी दिलेल्या ईमेलवर गेल्या. तो ईमेल सायबर कॅफेवाल्याने उघडून दिलेला, त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही.

9 जून 2025 रोजी ‘अ’ फॉर्म घेऊन काउंटरवर येतो. मुदत उलटून 542 दिवस झालेले असतात. दंड दिवसाला एक रुपया आणि सुट्ट्या वगळायच्या नाहीत असा नियम धरला, तर पडद्यावर 542 रुपये दिसतात. पुस्तकाची किंमत 480 आहे. दंड किमतीवर जाऊ द्यायचा नाही अशी सोय कोहात आहे, पण ती ग्रंथालयाने चालू केलेली असावी लागते. ‘अ’ शपथेवर सांगतो की पुस्तक दिले. तो खोटे बोलत नसतो आणि पडदाही खोटे बोलत नसतो.

इथे वाद घालण्याऐवजी एक प्रश्न विचारायचा असतो: ‘माझ्या नावावरचा दाखल क्रमांक कोणता?’ तो मिळाला की दोन गोष्टी तपासता येतात. पहिली, ती प्रत रॅकवर आहे का. असेल, तर परत घेताना बारकोड वाचायचा राहून गेला होता. मग कर्मचारी ती प्रत तिथल्या तिथे जमा करून घेऊ शकतात आणि दंड माफ करण्याची सोयही त्याच पडद्यावर असते. अर्थात माफीचा अधिकार ग्रंथपालांचा. प्रत रॅकवर नसेल तर दुसरी गोष्ट पाहायची: ‘अ’ म्हणतो त्या तारखेच्या आसपास त्याच पुस्तकाची दुसरी एखादी प्रत जमा झाली होती का आणि ती कोणाच्या खात्यातून उतरली. व्यवहाराचा इतिहास जपलेला असेल तर 14 डिसेंबरची 48217 ची नोंद लगेच सापडते. मग ‘ब’ला फोन जातो, तो ट्रंक उघडतो, शिक्क्याचा फोटो पाठवतो आणि पुस्तक स्पीड पोस्टाने निघते.

आणखी एक बारकावा. अशी चूक झालेली प्रत ग्रंथालयातच राहिली आणि दुसऱ्या कोणी घ्यायला आणली, तर प्रणाली अडते आणि ‘ही तर आधीच दुसऱ्याच्या नावावर आहे’ असे सांगते. कर्मचाऱ्याने पुढे जायला सांगितले की जुनी नोंद आपोआप बंद होते. म्हणून खूप फिरणाऱ्या पुस्तकांचे घोळ स्वतःच मिटतात आणि अडकतात ती कमी वाचली जाणारी पुस्तके.

दुसरे एक कारण व्हीटीयूच्या पद्धतीतून येते. विद्यार्थ्याची खरी ओळख म्हणजे यूएसएन. `1XX21EC057` असा क्रमांक असेल, तर पहिला 1 बेंगळुरू विभागाचा, पुढची दोन अक्षरे कॉलेजची, मग प्रवेशाचे वर्ष, शाखा आणि अनुक्रमांक. पण हा क्रमांक प्रवेशानंतर काही काळाने मिळतो आणि ग्रंथालयाचे कार्ड त्याआधीच प्रवेश क्रमांकावर निघालेले असू शकते. नंतर यूएसएनवर नवीन खाते उघडले आणि जुने बंद केले नाही, तर एका विद्यार्थ्याची दोन खाती होतात. ऑनलाइन दिसते ते स्वच्छ नवे खाते, तर पहिल्या सेमिस्टरचे पुस्तक जुन्या खात्यावर लटकत असते.

प्रयोगशाळेत अडचण वेगळ्या जातीची असते. वायर, रेझिस्टर अशा संपणाऱ्या वस्तूंचा हिशेब फारसा कोणी मागत नाही. पण ऑसिलोस्कोपचा प्रोब किंवा एफपीजीए बोर्ड साठा नोंदवहीत असतो आणि दरवर्षीच्या साठा तपासणीत तो दाखवावा लागतो. प्रोजेक्टसाठी बोर्ड चौघांचा गट घेतो आणि सही एकच जण करतो. बाकी त्याच्या नावावर चढते. बोर्ड शेवटी कोणाकडे होता हे तिघांना आठवत नाही आणि तिघांचे नो ड्यूज मात्र आधीच झालेले असते. माझ्या मते अशा नोंदीवर गटातील चौघांच्याही सह्या घ्यायला हव्यात. काही विभाग तसे करतात आणि त्यांना मे महिन्यात शांत झोप लागते.

वसतिगृहाचे थोडक्यात: खोलीची किल्ली, खाट, टेबल यांची तपासणी दहा मिनिटांची असते. उशीर होतो तो मेसच्या शेवटच्या बिलामुळे, कारण ते महिना संपल्यावरच निघते. 10 तारखेला खोली सोडणाऱ्याने आगाऊ रक्कम भरून उरलेली नंतर परत मिळेल असे लिहून घ्यावे, नाहीतर ती चौकट महिनाअखेरीपर्यंत रिकामी राहते.

फीची बाकी दिसत असेल तर ती कोणाची आहे ते पाहा. शिष्यवृत्तीतून सरकारकडून यायची रक्कम आली नसेल तरी लेखा विभागाच्या पडद्यावर ती विद्यार्थ्याच्याच नावावर दिसते. मंजुरीची प्रत जोडून, ही रक्कम सरकारी प्रतिपूर्तीची आहे असे अर्जात लिहावे आणि अर्जावर पोच घ्यावी.

कॉलेज काय अडवू शकते यालाही मर्यादा आहे. यूजीसीच्या ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या वेळी दाखवलेली दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रे तपासून लगेच परत करायची असतात. ती ठेवून घेता येत नाहीत. म्हणून ‘तुमची बारावीची मूळ गुणपत्रिका नो ड्यूजनंतर मिळेल’ हे उत्तर नियमात बसत नाही. आता नव्याने तयार होणाऱ्या कागदांना हे कलम तसेच्या तसे लागू होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. बाकीच मान्य नसेल तर तोंडी भांडू नये. नोंदीची तारीख, वस्तू किंवा दाखल क्रमांक आणि रक्कम लेखी मागावी. तरीही प्रश्न सुटला नाही तर यूजीसीच्या 2023 च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तिच्या निर्णयावर लोकपालांकडे अपील करता येते.

पण 15 कामकाजाचे दिवस म्हणजे जवळपास तीन आठवडे. ‘अ’ला 1 जुलैला कंपनीत रुजू व्हायचे असेल आणि पडताळणीसाठी सर्व गुणपत्रिका मागितल्या असतील, तर 480 रुपयांसाठी ही वाट पाहणे परवडत नाही. ‘वाद कायम ठेवून भरत आहे’ असे पावतीसोबतच्या अर्जात लिहून पैसे भरावेत, सही घ्यावी आणि पुस्तक पोहोचल्यावर परतावा मागावा. सगळ्या सह्या झालेल्या फॉर्मची एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवावी. दीक्षांत समारंभ कित्येक महिन्यांनी होतो, आणि तोपर्यंत ऑफिसातला माणूस बदललेला असला तर तोच फॉर्म पुन्हा मागितला जाऊ शकतो.