सहाला उघडलेला धडा धूसर का निघाला?

दहावीच्या बीजगणिताच्या पेपरची ती सकाळ. देवरी तालुक्यातील आमच्या वस्तीत अभ्यासवर्ग चालविणाऱ्या दादांनी मुलांना सांगून ठेवले होते, "सकाळी सहाला यूट्यूबवर वर्गसमीकरणाचा धडा येईल. एकदा बघून घ्या आणि मग केंद्रावर निघा." बरोबर सहाला धडा आला. मुले एका मोबाइलभोवती तिघे-तिघे बसली आणि पाचच मिनिटांत एक मुलगी आमच्या दारात उभी राहिली. "दादा, फळ्यावरचं काहीच दिसून नाही राह्यलं. वरचा दोन दिसतच नाही."

आम्ही मोबाइल हातात घेतला. दादांचा आवाज स्वच्छ होता, पण फळा धुक्यात बुडाल्यासारखा दिसत होता. b² − 4ac मधला वर्गाचा दोन कुठे ठिपका, तर कुठे नाहीसा झालेला. वजाचे चिन्ह आणि भागाकाराची रेघ यांत फरक कळेना. पेपर अकराला. ज्या मुलांचे आईवडील पहाटेच कामावर गेलेले, त्यांना दुसरे विचारायचे तरी कोणाला? अखेर दादांनी दोन तास अंगणात फळा मांडून शिकविले. पण जी मुले दूरच्या पाड्यांवरून थेट केंद्रावर गेली, त्यांच्या वाट्याला ते धुकेच आले.

चूक आमचीच होती. ती कुठे झाली हे आम्ही त्याच संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन शोधले. आज गोंदिया जिल्ह्यात गावोगावची शिकलेली मुले अशा चित्रफिती करू लागली आहेत, म्हणून तो हिशेब वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिली गोष्ट अशी की, चित्रफीत वर चढली म्हणजे काम संपले, हा आमचा समज चुकीचा होता. फाइल पोहोचल्यावर यूट्यूबची यंत्रे तिच्या निरनिराळ्या प्रती तयार करतात. आधी लहान, कमी स्पष्ट प्रत तयार होते. तिला आडव्या रेघांच्या संख्येवरून 360 म्हणतात. त्यानंतर 720 आणि 1080 या स्पष्ट प्रती तयार होतात, आणि त्यांना जास्त वेळ लागतो. हसणारा चेहरा 360 मध्येही ओळखू येतो. फळ्यावरचा बारीक दोन मात्र येत नाही. तासाभराची, अतिशय मोठ्या म्हणजे 4के दर्जाची चित्रफीत असेल तर सगळ्या प्रती तयार व्हायला चार तासांपर्यंत लागू शकतात, असे यूट्यूबच सांगते. आपली चित्रफीत लहान असली तरी नेमका किती वेळ लागेल, याची हमी कोणी देत नाही.

आणि ज्याला आपण वेळ लावणे म्हणतो, ती Schedule नावाची सोय म्हणजे दाराची केवळ कडी आहे. ठरलेल्या मिनिटाला कडी निघते. आत स्वयंपाक झाला आहे की नाही, हे ती पाहत नाही. स्पष्ट प्रत तयार नसली तर सहाला धूसर प्रतच लोकांपुढे जाते. आमचे नेमके हेच झाले.

मग स्पष्ट प्रत तयार का नव्हती? कारण फाइल पोहोचलीच पहाटे पावणेसहाच्या पुढे. आणि उशीर का झाला, तर ती फार जड होती. दादांचा मोबाइल 1080 च्या दर्जाने चित्रण करताना सेकंदाला साधारण 17 मेगाबिट लिहितो. आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट. तेव्हा मिनिटाला सुमारे 127 मेगाबाइट, आणि 20 मिनिटांच्या धड्याचे झाले अडीच जीबी. आमच्या वस्तीत वर चढवण्याचा वेग रात्री सेकंदाला दोन मेगाबिटच्या आसपास मिळतो. या वेगाने अडीच जीबीला पावणेतीन तासांहून अधिक लागतात.

दादा रात्री नऊला बसले होते, म्हणजे बाराच्या आत काम व्हायला हवे होते. परंतु रिचार्जमध्ये दिवसाला मिळणारा डेटा आपण फक्त पाहण्यासाठी आहे असे धरून चालतो. वर चढवलेलेही त्यातूनच वजा होते. त्या दिवशीचा जेमतेम एक जीबी उरला होता, तो दहा वाजून गेल्यावर संपला. त्यानंतर वेग इतका पडला की काम जवळजवळ थांबले. दिवसभर शिकवून थकलेले दादा मोबाइल चार्जिंगला लावून झोपी गेले. बारानंतर नवा डेटा आला, पण अडकलेले काम आपोआप सुरू झाले नाही. पहाटे चारनंतर जाग आली तेव्हा त्यांनी पुन्हा बोट लावले. उरलेल्या दीड जीबीला एक तास चाळीस मिनिटे लागली. मग दहा मिनिटांत फक्त धूसर प्रतच तयार झाली, आणि सहा वाजले.

येथे एक सोपा ठोकताळा लक्षात आला. फाइल सेकंदाला जितक्या मेगाबिटची आहे, तितकाच आपला चढवण्याचा वेग असेल, तर 20 मिनिटांच्या चित्रफितीला 20 मिनिटेच लागतात. फाइल आठपट जड असेल तर आठपट वेळ लागतो. फळ्यावर हालचाल फार थोडी असते, म्हणून धड्याला 17 मेगाबिटची गरजच नाही. संगणकावर हँडब्रेक नावाचे मोफत साधन आहे. त्यात 720 चा दर्जा आणि सेकंदाला दोन मेगाबिट असे सांगून तीच चित्रफीत नव्याने तयार केली, तेव्हा अडीच जीबीची फाइल 300 मेगाबाइटच्या जवळपास आली. फळा पूर्वीइतकाच वाचता येत होता, आणि चढायला 20-25 मिनिटे पुरली.

आता फाइल नाकारली जाण्याची गोष्ट. पुढचा पेपर भूमितीचा होता. संगणक गोंदियाला दादांच्या मावसबहिणीकडे. तिने चित्रफीत जोडून चढवली, तर पडद्यावर Invalid file format असे आले. म्हणजे फाइलचा प्रकार चालत नाही. ताईंनी फाइलच्या नावाचे शेपूट बदलून .mp4 केले, तरी तेच. नाव बदलल्याने आतला माल बदलत नाही. पिशवीवर तांदूळ लिहिले म्हणून गहू काही तांदूळ होत नाहीत. पाहिले तेव्हा कळले की, ताईंनी चढवलेली फाइल चित्रफीत नव्हतीच. कोणते तुकडे कुठे जोडायचे एवढीच नोंद ठेवणारी ती जोडणीची फाइल होती. अशी फाइल काही केबीचीच असते, त्यावरूनच ओळखावी. जोडणीच्या साधनातून चित्रफीत बाहेर काढावी लागते, आणि काढताना एमपी4 हा प्रकार निवडला की बहुधा अडचण येत नाही. नुसत्या आवाजाची एमपी3 फाइलही यूट्यूब घेत नाही. चित्रण चालू असताना बॅटरी संपून मोबाइल बंद पडला, तर फाइल एमपी4 असूनही अर्धवट राहते आणि चढल्यावर तिची प्रत तयारच होत नाही. म्हणून चढवण्याआधी ती शेवटापर्यंत चालते का, हे घरीच पाहून घ्यावे.

दादांनी चित्रण ताईंकडे पाठविले तेही व्हॉट्सअ‍ॅपवर, नेहमीच्या व्हिडिओसारखे. तसे पाठविले की चित्र वाटेतच दाबून लहान केले जाते, आणि गेलेला वर्गाचा दोन पुन्हा कोणी आणून देत नाही. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठविली तर जशीच्या तशी जाते. 2022 पासून अशी दोन जीबीपर्यंतची फाइल पाठविता येते.

एक मर्यादा वजनाची नव्हे, लांबीची आहे. यूट्यूब एरवी 12 तास किंवा 256 जीबी, यांपैकी जे कमी असेल तिथपर्यंत घेते. परंतु ज्या खात्याचा फोन क्रमांक पडताळलेला नाही, त्याला 15 मिनिटांहून मोठी चित्रफीत चढवता येत नाही. youtube.com/verify येथे क्रमांक दिला की संकेतांक येतो आणि ही अडचण सुटते. मात्र एका क्रमांकावर वर्षाला दोनच चॅनेल पडताळता येतात. म्हणून चार जणांच्या चार चॅनेलांना एकच फोन देऊ नये. आणि हे काम पेपरच्या आदल्या रात्रीसाठी ठेवू नये.

भूमितीच्या वेळी आम्ही वेळापत्रक उलटे, म्हणजे शेवटाकडून मांडले. धडा सकाळी सहाला हवा. चढलेल्या धड्यात चूक निघाली तर त्याच दुव्यावर फाइल बदलता येत नाही, नवी चढवावी लागते. म्हणून दुसऱ्या खेपेचा वेळही हाताशी हवा. चढवायला अर्धा तास आणि प्रती तयार व्हायला दोन तास धरले, तर एका खेपेला अडीच तास, दोन खेपांना पाच. रात्रभर जागायचे नाही, म्हणून आदल्या दिवशी दुपारी चारलाच फाइल चढवायची असे ठरले. त्या दिवशी सकाळपासून त्या मोबाइलवर कोणी काही पाहायचे नाही, हेही ठरले.

चारला चढवली तेव्हा ती Private म्हणजे खाजगी ठेवली. सव्वापाचला दादांनी आपल्याच खात्यातून उघडून Quality ची यादी पाहिली. तिथे 360 आणि 480 होते, 720 नव्हते. सहाच्या सुमारास 720 आले. तेव्हा दादांनी धडा पूर्ण पाहिला. एका आकृतीत कोनाचे अक्षर चुकलेले निघाले. तेवढा भाग पुन्हा चित्रित करून, जोडून साडेसातला दुसरी खेप चढवली. साडेनऊला तीही 720 मध्ये दिसू लागली, आणि मगच Schedule मध्ये सकाळचे सहा लिहिले. वेळ भारताचीच आहे ना, हे तिथल्या तिथे पाहून घेतले. मुलांना दुवा रात्रीच पाठविला, पण सोबत सांगितले की सहाच्या आधी उघडलात तर चित्रफीत खाजगी आहे असे दिसेल, घाबरू नका.

आणखी एक खबरदारी दादांनी स्वतःहून घेतली. फळ्यावरची अक्षरे दुप्पट मोठी काढली, मोबाइल फळ्याच्या जवळ नेला आणि दहा सेकंदांचे चित्रण करून ते 360 मध्ये वाचून पाहिले. स्पष्ट प्रत काही कारणाने उशिरा आली, किंवा पाड्यावरच्या मुलाच्या मोबाइलला वेगच कमी मिळाला, तरी त्याला प्रमेय वाचता यावे.

भूमितीच्या सकाळी सव्वासहाला तीच मुलगी दारावरून गेली. आम्ही हाक मारून विचारले, "दिसते का गं?"

"दिसते न दादा," ती चालता चालता म्हणाली, "दुसऱ्यांदा लावून पाहून राह्यले सारे."