ताठर समीकरणे आणि ऑयलरचे आखूड पाऊल

रेडॉन-२२२ या किरणोत्सारी वायूचे अर्धायुष्य सुमारे ३.८ दिवस असते. त्याच्या विघटनातून पोलोनियम-२१८ तयार होते आणि त्याचे अर्धायुष्य असते जेमतेम ३.१ मिनिटे. बंद डब्यात शुद्ध रेडॉन भरून ठेवला, तर पुढच्या ३० दिवसांत दोन्ही प्रकारच्या अणूंची संख्या कशी बदलत जाईल, हे दोन अवकल समीकरणांत मांडता येते. रेडॉनचे अणू R आणि पोलोनियमचे P मानले, तर

R′ = −aR
P′ = aR − bP

रेडॉन स्वतःच्या संख्येच्या प्रमाणात घटतो. जितके रेडॉनचे अणू फुटतात तितके पोलोनियमचे जन्माला येतात, आणि तेही लगोलग फुटत राहतात. अर्धायुष्यांवरून दर मिनिटाचे विघटनाचे प्रमाण निघते: a = ०.०००१२६ आणि b = ०.२२३६.

या जोडीची आयगेनमूल्ये −a आणि −b ही आहेत. रेडॉनवर पोलोनियमचा काही परिणाम होत नसल्यामुळे ती इथे समीकरणांकडे नुसते पाहून कळतात. एरवी ती मॅट्रिक्सवरून काढावी लागतात. अर्थ मात्र तोच राहतो. प्रत्येक आयगेनमूल्य म्हणजे त्या व्यवस्थेत दडलेला एक वेग. इथला एक वेग दुसऱ्याच्या सुमारे १७७५ पट आहे. आयगेनमूल्यांच्या आकारांत अशी मोठी तफावत असलेल्या आणि दीर्घ काळ सोडवाव्या लागणाऱ्या समीकरणांना ताठर, इंग्रजी रूढ शब्दात ‘स्टिफ’, समीकरणे म्हणतात. रासायनिक अभिक्रियांची गणिते करताना कर्टिस आणि हिर्शफेल्डर यांना ती भेटली, आणि १९५२ च्या त्यांच्या लेखापासून हे नाव रूढ झाले.

खऱ्या उत्तरात वेगवान भाग फार काळ टिकत नाही. पाऊण तासात तो मुळाच्या लाखाव्या हिश्शांत मोजण्याइतका क्षीण होतो. त्यानंतर पोलोनियम रेडॉनच्या मागोमाग चालते: कोणत्याही क्षणी रेडॉनच्या साधारण १७७४ अणूंमागे पोलोनियमचा एक अणू. उरलेल्या महिनाभर दोन्ही आलेख संथपणे, एकाच लयीत उतरत राहतात. असा गुळगुळीत आलेख तासातासाच्या अंतराने सहज टिपता येईल, असे कोणालाही वाटेल.

लेओनार्ड ऑयलरने १७६८ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत अगदी सरळ आहे. आत्ता जो वेग आहे तोच पुढच्या h मिनिटांत कायम राहील असे धरायचे आणि तेवढे पुढे जायचे. पुढची किंमत केवळ आत्ताच्या किमतींवरून थेट मिळते, म्हणून या रीतीला एक्सप्लिसिट ऑयलर म्हणतात. सुरुवातीला रेडॉनचे १०,००,००० अणू आहेत, पोलोनियमचा एकही नाही आणि पाऊल एका तासाचे, म्हणजे h = ६०, असे घेऊ.

पहिल्या तासाअखेर पोलोनियमचे ७,५६० अणू निघतात. खरी संख्या ५६० च्या आसपास आहे. दुसऱ्या तासाअखेर उत्तर येते उणे ८६,३६२. अणूंची संख्या उणे असू शकत नाही, पण हिशेबाला ते ठाऊक नाही. तिसऱ्या तासाअखेर ती १०,७९,७१७ होते, म्हणजे डब्यात मुळात जितके अणू होते त्यांहूनही जास्त. याच तीन तासांत रेडॉनचा आकडा मात्र जवळपास अचूक येतो: ऑयलरचे ९,७७,४९१ आणि खरे ९,७७,५७५. पाऊल संथ घटकाला पुरेसे लहान होते, वेगवान घटकाला नव्हते.

कारण एका गुणाकारात आहे. पोलोनियमच्या समीकरणावर ऑयलरचे एक पाऊल टाकले की जुन्या P ला (१ − hb) या संख्येने गुणले जाते. h = ६० असताना ही संख्या उणे १२.४ येते. खरा वेगवान भाग तासाभरात नाहीसा व्हायला हवा. तो नाहीसा होण्याऐवजी दर पावलाला चिन्ह बदलत बारापटीहून अधिक फुगतो. फुगवटा टाळायचा तर या संख्येचे चिन्ह सोडून उरणारे मूल्य १ पेक्षा कमी हवे, म्हणजेच h हे २/b पेक्षा लहान हवे. इथे ही मर्यादा नऊ मिनिटांना थोडी कमी, सुमारे ८.९ मिनिटे आहे. ८ मिनिटांच्या पावलाला गुणक उणे ०.७९ येतो, उत्तर काही काळ वरखाली डोलते, पण शमते. साडेचार मिनिटांहून लहान पावलाला डोलणेही उरत नाही.

सुरुवातीचा पाऊण तास बारीक पावलांनी काढावा आणि वेगवान भाग मावळल्यावर पाऊल मोठे करावे, अशी युक्ती सुचते. ती चालत नाही, आणि या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. वेगवान भाग उत्तरातून गेला तरी समीकरणातून गेलेला नसतो. संगणक सोळाव्या अंकाच्या आसपास आकडा तोडतो, तेव्हा त्या तुटीत वेगवान भागाचा कण शिल्लक असतोच. दर पावलाला १२.४ पट वाढणारा तो कण पंधरा-सोळा पावलांत मूळ उत्तराएवढा होतो. म्हणून महिनाभर, प्रत्येक पावलाला, पाऊल नऊ मिनिटांच्या आतच ठेवावे लागते. ३० दिवसांना सुमारे ४,८०० पावले लागतात, आणि ती अचूकतेसाठी नव्हे तर केवळ स्फोट टाळण्यासाठी. पावलाची कमाल लांबी सर्वांत मोठे आयगेनमूल्य ठरवते आणि किती काळ चालायचे हे सर्वांत लहान. पावलांची संख्या त्यामुळे दोघांच्या गुणोत्तराच्या प्रमाणात वाढते. उलट पहिल्या दहा मिनिटांचेच कुतूहल असेल तर याच समीकरणांत ताठरपणा जाणवत नाही, कारण तेवढ्यासाठी बारीक पाऊल लागणारच असते.

ताठरपणा ओळखण्याची खूण यातूनच मिळते. आलेख सपाट झालेला असूनही पाऊल जरा वाढवताच उत्तर चिन्ह बदलत उसळते, आणि जरा कमी करताच शांत होते. अधिक अचूक एक्सप्लिसिट रीत घेऊनही फारसे साधत नाही. प्रसिद्ध चौथ्या कोटीची रुंगे-कुट्टा रीत ही मर्यादा सुमारे साडेबारा मिनिटांपर्यंत नेते, एवढेच.

उपाय आहे तो पावलाच्या शेवटचा वेग वापरण्याचा. तो वेग अजून न सापडलेल्या किमतीवर अवलंबून असतो, म्हणून दर पावलाला एक समीकरण सोडवावे लागते. ही इम्प्लिसिट ऑयलर रीत. तिचा गुणक १/(१ + hb) आहे आणि h कितीही मोठा घेतला तरी तो १ पेक्षा कमीच राहतो. तासाच्या पावलाने ती पोलोनियमचे आकडे ५२०, ५५३, ५५१ असे देते. तिसऱ्या तासाचा खरा आकडा ५५१ आहे. पहिला आकडा चुकतो, पण ती चूक पुढे विरून जाते. समीकरणे रेषीय नसतील तर हे सोडवणे महाग पडते: दर पावलाला न्यूटनच्या रीतीने फेऱ्या माराव्या लागतात. तफावत थोडी असेल तिथे एक्सप्लिसिट रीतच स्वस्त ठरते.

रेडॉनच्या साखळीत पुढे पोलोनियम-२१४ येते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १६४ मायक्रोसेकंद आहे. ते हिशेबात घेतले की एक्सप्लिसिट ऑयलरचे पाऊल अर्ध्या मिलिसेकंदाच्याही आत येते आणि ३० दिवसांना सुमारे साडेपाच अब्ज पावले लागतात. इम्प्लिसिट ऑयलरने तासाचे पाऊल कायम ठेवले तर ७२० पुरतात.