घामोळे : उन्हामुळे की ओलाव्यामुळे?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४४ अंशांवर जातो, तेव्हा मुंबईचा किंवा रत्नागिरीचा पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो. मग घामोळ्याने अधिक हैराण कोण व्हायला हवे? नागपूरकर, असे मुले सांगतील. प्रत्यक्षात ही पीडा किनारपट्टीवरच जास्त. का, ते एका लहानशा हिशेबाने कळते.

घाम वाळतो तो कातडीजवळच्या बाष्पाचा दाब हवेतल्या बाष्पाच्या दाबापेक्षा जास्त असतो म्हणून. ३५ अंश तापमानाच्या ओल्या कातडीवर हा दाब पाऱ्याच्या सुमारे ४२ मिलिमीटर इतका असतो. मुंबईत दुपारी तापमान ३३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के धरली, तर हवेतल्या बाष्पाचा दाब २८ मिलिमीटर भरतो. फरक १४ चा. नागपुरात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता धरली, तर तो दाब अवघा १० मिलिमीटर. म्हणजे फरक ३२ चा. नागपुरातला घाम दिसण्याआधीच उडून जातो. मुंबईतला अंगावर निथळतो. एक ग्रॅम घाम वाळताना शरीरातील सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो; पण जो थेंब ओघळून खाली पडला त्याने जवळजवळ काहीच नेले नाही. शरीराला त्याची भरपाई आणखी घाम गाळून करावी लागते आणि कातडी तासन्‌तास भिजलेली राहते.

घामोळ्याचे मूळ इथे आहे. खूप वेळ पाण्यात राहिल्यावर बोटांची कातडी पांढरी आणि फुगीर होते, हे सर्वांनी पाहिले आहे. घामाने भिजलेल्या कातडीचा बाहेरचा मृत थरही असाच फुगतो आणि घामाच्या नळ्यांची तोंडे दाबली जातात. कातडीवर नेहमी राहणारे जंतूही त्या ओलाव्यात वाढतात आणि त्यांचा चिकट थर या बुचाला हातभार लावतो. ग्रंथीतून घाम येतच राहतो, वाट मिळत नाही, नळी कातडीच्या आतच फुटते आणि आजूबाजूचा भाग लाल होतो. गरम चहा घेतला किंवा जिना चढला की एकदम टोचू लागते, याचे कारण त्या क्षणी आत घाम उतरतो. मान, पाठ, कंबरपट्ट्याखालची जागा, बाळाच्या मानेच्या वळ्या ही ठिकाणे का, हे आता वेगळे सांगायला नको.

तेव्हा उपाय एकच : कातडीला रोज काही तास कोरडे राहू देणे. साध्या पाण्याने अंघोळ करावी, अंग घासू नये, टॉवेलने टिपावे आणि उघड्या अंगाने पंख्याखाली बसावे. पंखा हवा थंड करीत नाही, पण कातडीलगतचा दमट थर हलवतो. ३३ अंशांच्या हवेत तेवढे पुष्कळ होते. विदर्भातला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मात्र कोकणात कुचकामी, कारण तो हवेत बाष्पच वाढवतो. तेल आणि घट्ट मलम टाळावे. पावडरीचे थर घामात कालवून लगदा होतो. मेन्थॉलच्या पावडरीने गार वाटते ते थंडी ओळखणारे मज्जातंतू चाळवले जातात म्हणून, तापमान काही उतरत नाही. खाज फार असेल तर कॅलामाइन लावावे.

कापडाबद्दल ‘सुती घाला’ एवढे सांगून भागत नाही. वर्गात एक प्रयोग करा. जुन्या मलमलीचा, टेरिकॉटचा आणि जाड ड्रिलचा एकसारख्या मापाचा तुकडा घ्या. प्रत्येकावर पाण्याचा एक थेंब टाकून तो किती पसरतो ते पाहा. मग तिन्ही भिजवा, थेंब गळायचे थांबले की तराजूवर वजन करा आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा करा. मलमल थेंब पसरवते आणि लवकर वाळते. ड्रिलही सुतीच, पण ते पुष्कळ पाणी धरते आणि उशिरापर्यंत ओले राहते. टेरिकॉटमधले पॉलिएस्टर पाणी शोषत नाही. घट्ट विणीचे असेल तर थेंब बराच वेळ वरच बसून राहतो. म्हणजे धाग्याइतकेच महत्त्व विणीला आणि जाडीला आहे. हल्ली खेळाडूंसाठी मिळणारे जाळीदार पॉलिएस्टर घाम पसरवून चटकन वाळते. ते वाईट नाही. मात्र कोणतेही कापड सैल हवे आणि भिजले की बदलायला हवे. घामाने चिंब झालेला सुती बनियन दिवसभर अंगात ठेवला तर सुती असल्याचा फायदा उरत नाही.

कोरडेपणा मिळाला तर घामोळे काही दिवसांत ओसरते. पुटकुळ्यांत पू झाला, ताप आला किंवा लाली पसरू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. व्यायामशिक्षकांनी आणखी एक लक्षात ठेवावे : पाठभर घामोळे असलेल्या मुलाच्या तेवढ्या भागातून घाम बाहेर पडत नाही, त्यामुळे त्याचे अंग इतरांपेक्षा लवकर तापते. खेळताना तो लाल झाला, पण पाठ कोरडीच राहिली, डोके दुखू लागले किंवा गरगरले, तर त्याला लगेच सावलीत पंख्याखाली बसवावे आणि घामोळे जाईपर्यंत उन्हातल्या धावण्यातून सूट द्यावी.