मांजराच्या पोटातले पिवळे पाणी

दुबईतील करामा, बर दुबई किंवा शेजारच्या शारजात राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी रस्त्यावरचे पिल्लू उचलून घरी आणले असेल, त्यांच्या कानावर पशुवैद्याने ‘एफआयपी’ हे नाव घातले, तर काही वर्षांपूर्वीपर्यंत तो मृत्यूचा हुकूमनामाच ठरत असे. मांजरांच्या आतड्यांतील कोरोनाविषाणू विष्ठेवाटे एकातून दुसऱ्यात जातो आणि बहुतेकांना किरकोळ जुलाबापलीकडे उपद्रव देत नाही; परंतु थोड्या मांजरांच्या, विशेषतः दोन वर्षांखालील पिल्लांच्या देहात त्याचे रूप पालटते, आणि मग तो श्वेतपेशींत शिरून रक्तवाहिन्यांचा दाह आरंभतो; हाच एफआयपी.

या रोगाचा ओला प्रकार स्वतःचा पुरावा स्वतःच पुढे आणतो; फुगलेल्या पोटातून किंवा छातीतून सुईने काढलेले पाणी पिवळसर, चिकट व प्रथिनांनी भरलेले असते. कोरडा प्रकार मात्र मूत्रपिंड, यकृत, डोळे वा मेंदू यांत गाठी व दाह निर्माण करून दडून बसतो. न उतरणारा ताप, घटणारे वजन, डोळ्याच्या बुबुळाचा बदललेला रंग, लटपटणारी चाल, एवढ्यावरून आणि रक्तातील अल्ब्युमिनचे ग्लोब्युलिनशी प्रमाण घसरल्यावरून वैद्याला अनुमान बांधावे लागते. हे प्रमाण 0.4 च्या खाली गेले की संशय बळावतो.

या रोगावर कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठात नील्स पेडरसन यांनी 31 मांजरांना जीएस-441524 हे द्रव्य टोचले, आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार त्यांपैकी 25 दीर्घकाळ जगली. परवान्याअभावी पुढे कित्येक मालकांना चोरट्या बाजारातील, शक्तीची शाश्वती नसलेल्या कुप्या विकत घ्याव्या लागल्या. ब्रिटनमध्ये 2021 पासून व अमेरिकेत जून 2024 पासून पशुवैद्याच्या चिठ्ठीवर हे औषध रीतसर मिळू लागले.

समजा, अडीच किलोच्या ओल्या प्रकाराच्या पिल्लाला तोंडावाटे किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे दररोज साडेसदतीस मिलिग्रॅम औषध ठरले. काही दिवसांत ताप उतरतो, पाणी ओसरते, पिल्लू खाऊ लागते आणि वजन तीन किलोवर जाते. तेव्हा मात्रा पंचेचाळीसवर न नेल्यास पिल्लू सुधारत आहे या समाधानातच औषध अपुरे पडते व रोग उलटतो. डोळे वा मेंदू ग्रासले असतील, तर औषध तेथे कमी पोहोचत असल्याने किलोमागे 20 मिलिग्रॅम द्यावे लागतात. रूढ मुदत 84 दिवसांची. म्युनिक येथील 2024 च्या अभ्यासात ओल्या प्रकाराच्या 40 मांजरांत 42 दिवसही तितकेच पुरेसे ठरले, पण मेंदूच्या विकाराला तो दाखला लावता येत नाही.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच की, पिल्लाचे वजन दर आठवड्याला नोंदवावे, आणि औषध संपल्यानंतरच्या बारा आठवड्यांतही ताप वा लटपट दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे.