फोटोतलं प्रवाळ ओळखायचं तर आधी बोटं मोजा

भाचीनं मालवणहून फोटो पाठवला. पाण्याखाली तपकिरी फुलांचा दाट गुच्छ, प्रत्येक फूल शेवंतीसारखं उमललेलं. खाली तिचा प्रश्न होता, "मामा, हे समुद्रफूलच ना?"

दिसतं तसंच खरं. पण समुद्रफूल, म्हणजे सी-ॲनिमोन, हा एकटा जीव असतो. मऊ देठासारखं एकच शरीर, मधोमध एकच तोंड आणि भोवती बोटांसारखी शुंडकं. भाचीच्या फोटोत तर शेकडो तोंडं शेजारीशेजारी होती. समुद्रफुलंही कधी दाटीवाटीनं राहतात, पण त्यांचे देठ वेगवेगळे दिसतात. इथे सगळी फुलं एकाच गोलसर ढेपेतून उगवली होती. म्हणजे ही वसाहत होती, प्रवाळाची.

मग मऊ प्रवाळ की कठीण? त्यासाठी मी फोटो मोठा करून एका फुलाची शुंडकं मोजली. मऊ प्रवाळाच्या प्रत्येक जीवाला आठच शुंडकं असतात आणि त्यांच्या कडांना पिसासारखे बारीक फाटे असतात. कठीण प्रवाळाची शुंडकं साधी, बिनफाट्याची आणि बहुधा सहाच्या पटीत. इथे चोवीसच्या आसपास भरली. हा गोनिओपोरा, मालवणच्या समुद्रात सापडणारं कठीण प्रवाळ. बहुतेक कठीण प्रवाळं दिवसा शुंडकं आत ओढून घेतात. हा मात्र भर उन्हातही फुललेला असतो, म्हणूनच फसगत होते. धक्का लागला की फुलं मिटतात आणि खाली खाचाखाचांचा चुनखडीचा दगड उघडा पडतो.

शुंडकं मिटलेली असतील तर मोजणी संपली. अशा वेळी पृष्ठभाग पाहावा. दगडात कोरल्यासारख्या वाट्या किंवा नागमोडी खाचा दिसल्या तर ते कठीण प्रवाळ. चामड्यासारखी घडी पडलेली, लाटेबरोबर डुलणारी फांदी असेल तर मऊ.

दंशपेशी तिघांनाही असतात. मऊ प्रवाळाचा दंश माणसाला सहसा जाणवत नाही. कठीण प्रवाळाच्या धारेनं कापतं, ती जखम चिघळते. समुद्रफुलांत मात्र फार फरक आहे. काही तळहाताला नुसती चिकट लागतात, काहींनी हातावर फोड येतात, आणि फोटोवरून ते ठरवता येत नाही.

खूप भाजतं ते या तिघांपैकी नसलेलं फायर कोरल. ते अंदमानच्या खडकांवर भेटतं. मोहरीसारखा पिवळट-तपकिरी रंग, पांढरी टोकं, वाट्या नसलेला गुळगुळीत पृष्ठभाग आणि जवळून पाहिलं तर बारीक लव. प्रवाळासारखं दिसलं तरी ते हायड्रा आणि पोर्तुगीज मॅन-ओ-वॉर यांच्या गोतावळ्यातलं आहे. लागलंच तर चोळू नका आणि गोडं पाणी लावू नका. आधी समुद्राच्याच पाण्यानं धुवा, मग व्हिनेगर लावा. सूज वाढली किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच डॉक्टरांकडे जा.

आणि फोटो काढताना दोन काढा: एक पूर्ण ढेपेचा, एक अगदी जवळून एकाच फुलाचा. हात मात्र लांबच ठेवा.