विमानाची भीती आणि तिकीट काढतानाचे निर्णय

विमानाची भीती सगळ्यांची सारखी नसते. विमान हलले की आता ते कोसळणार, असे कुणाला वाटते. दार बंद झाले की दोन तास बाहेर पडता येणार नाही, या विचारानेच कुणाचा जीव गुदमरतो. कुणाला खिडकीतून खाली बघवत नाही. घाम तिघांनाही सुटतो, पण तिघांना सोयीची जागा वेगवेगळी असते. म्हणून तिकीट काढण्याआधी, घरी मन शांत असताना, आपल्याला नेमके कशाचे भय वाटते हे ठरवावे लागते. विमानाची वेळ आणि आसन त्यानंतर निवडता येते.

मे महिन्यात पुण्याहून दिल्लीला जायचे आहे आणि प्रवाशाला भीती वाटते ती हादऱ्यांची, असे उदाहरण घेऊ. प्रवास साधारण सव्वादोन तासांचा. दिवसभरात विमाने अनेक असतात, त्यामुळे निवडीला वाव आहे.

हादरे बसतात ते हवेच्या वर-खाली होणाऱ्या प्रवाहांमुळे. ऊन चढू लागले की जमीन तापते, जमिनीलगतची हवा गरम होऊन वर उठते आणि तिची जागा घ्यायला वरची थंड हवा खाली येते. या चढउतारातून जाताना विमान खड्ड्यांच्या रस्त्यावरच्या गाडीसारखे हलते. उड्डाणानंतरची आणि उतरण्याआधीची काही मिनिटे ते याच थरातून जात असते, म्हणून हे हेलकावे तेव्हा अधिक जाणवतात. मे महिन्यात दुपारनंतर महाराष्ट्रात वळवाचे ढग उभे राहतात आणि दिल्लीकडे संध्याकाळी धुळीची वादळे येतात. वैमानिक अशा ढगांना वळसा घालतात, तरी आसपासची हवा अस्वस्थ असते. सकाळी मात्र रात्रभर थंडावलेल्या जमिनीवरची हवा बहुधा स्थिर असते. म्हणून या प्रवाशासाठी सकाळचे विमान चांगले.

पण सगळ्यात पहिले विमान घेतलेच पाहिजे असे नाही. सहाच्या उड्डाणासाठी चारच्या सुमारास विमानतळावर पोहोचायचे म्हणजे रात्रीची झोप गेलीच, आणि झोप अपुरी झाली की धडधड लवकर सुरू होते. साडेसात-आठचे विमान मिळाले तर झोपही होते आणि हवाही अजून तापलेली नसते. हाच प्रवास डिसेंबर-जानेवारीत असेल तर हिशेब बदलतो. तेव्हा दिल्लीत पहाटे दाट धुके असते, विमाने तासन् तास खोळंबतात आणि ताटकळत बसण्यात भीती वाढते. अशा दिवसांत धुके विरल्यावर, दुपारच्या सुमारास पोहोचणारे विमान बरे.

आता आसन. विमान हलते तेव्हा ते आपल्या गुरुत्वमध्याभोवती झुलते आणि हा मध्य पंखांच्या आसपास असतो. सी-सॉच्या मधल्या भागात बसलेल्याला टोकावर बसलेल्यापेक्षा कमी झोके बसतात, तसेच इथेही घडते. शेपटीकडच्या रांगांत हेलकावा सर्वांत जास्त जाणवतो. या मार्गावर नेहमी दिसणाऱ्या एअरबस ए-३२० विमानात सुमारे तीस रांगा असतात. त्यांतल्या साधारण १० ते १८ या रांगा पंखांच्या जवळ येतात. विमानागणिक थोडा फरक पडतो, म्हणून आसन निवडताना पडद्यावरच्या आराखड्यात पंख कुठे दाखवले आहेत ते पाहावे. संकटकालीन दाराजवळच्या रांगेत पाय पसरायला जागा मिळते, पण गरज पडल्यास ते दार उघडण्याची जबाबदारीही घ्यावी लागते. घाबरणाऱ्या प्रवाशाने ती रांग टाळलेली बरी.

बंद जागेची भीती असेल तर पंखापेक्षा वाट महत्त्वाची. अशा प्रवाशाने पुढच्या रांगांतले, मार्गिकेलगतचे आसन घ्यावे. समोर कमी डोकी दिसतात, हवे तेव्हा उठता येते आणि उतरताना आधी बाहेर पडता येते. उंचीची भीती असणाऱ्यालाही मार्गिकाच सोयीची. उलट, काय चालले आहे ते दिसत नाही म्हणून ज्याचा जीव घाबरतो, त्याला खिडकीतून दिसणारे स्थिर क्षितिज आधार देते. आसनासाठी थोडे जास्त पैसे पडले तरी ते आधीच निवडावे. अखेरपर्यंत थांबले तर अनेकदा मधले किंवा मागचे आसन वाट्याला येते.

यापुढची तयारी म्हणजे विमानात काय ऐकू येईल आणि काय जाणवेल ते आधी माहीत करून घेणे. उड्डाणानंतर काही सेकंदांत पायाखाली धडधड होऊन ‘धप्’ असा आवाज येतो. चाके आत घेतली गेल्याचा तो आवाज. आणखी थोड्या वेळात इंजिनांचा आवाज एकदम उतरतो आणि विमान खाली जात असल्यासारखे वाटते. या क्षणी अनेकांच्या पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात विमान चढतच असते; उड्डाणासाठी लावलेली जादा शक्ती वैमानिकाने ठरल्याप्रमाणे कमी केलेली असते. चढण्याचा जोर थोडा ओसरला, एवढीच खरी गोष्ट. पण कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा त्याचा अर्थ ‘पडणे’ असा लावते. उतरताना पंखांतून घरघर ऐकू येते आणि चाके टेकताच मोठी गर्जना होते. हे दोन्ही आवाज वेग कमी करण्याच्या यंत्रणांचे. हा क्रम छोट्या कागदावर लिहून खिशात ठेवावा. अपेक्षित आवाज आला की तो धोक्याची सूचना वाटत नाही.

हादऱ्यांबद्दलही एक गोष्ट या कागदावर असावी. सेवेत असताना पंखांवर जास्तीत जास्त जेवढा भार येऊ शकतो, त्याच्या दीडपट भार ते पेलतात हे सिद्ध झाल्याशिवाय प्रवासी विमानाला मान्यता मिळत नाही. हादऱ्यांत दुखापत होते ती बहुतेक वेळा पट्टा न बांधलेल्यांना. म्हणून दिवा विझला तरी बसल्या जागी पट्टा बांधलेलाच ठेवावा.

प्रवासाच्या दिवशी हलके खावे आणि चहा-कॉफी कमी घ्यावी, कारण त्याने होणारी धडधड भीतीसारखीच भासते. भीती चढू लागली की श्वास वरवरचा आणि भरभर होतो, त्याने चक्कर येते, हातांना मुंग्या येतात आणि भीती आणखी वाढते. अशा वेळी मनात चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सावकाश सोडावा. असे पाच मिनिटे करावे. याचा सराव आठवडाभर आधी घरीच केला, तर विमानात तो आठवतो. आपल्याला भीती वाटते हे बसताच हवाई सेविकेला सांगण्यात संकोच नसावा.

या उपायांनाही मर्यादा आहे. तिकीट काढून ऐनवेळी परत फिरणे वारंवार होत असेल, किंवा आधीचे कित्येक दिवस झोप उडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. तिथे भीतीच्या विचारांची तपासणी करत, पायरीपायरीने तिला सामोरे जायला शिकवतात. झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, आणि मद्यासोबत तर मुळीच नाही. डॉक्टरांनी गोळी दिली तर ती विमानात पहिल्यांदा न घेता आधी घरी, डॉक्टरांना विचारून, घेऊन पाहावी. शक्य असेल तर पहिला प्रवास मुंबई-गोव्यासारखा तास-सव्वातासाचा ठेवावा आणि दुसरा फार लांबवू नये. प्रत्येक वेळी टाळत गेल्याने भीती मुरते. थोड्या काळात पुन्हा प्रवास केला की ती उतरू लागते.