चवदार तळ्यावरची प्रश्नपत्रिका

आपल्या अभ्यासवर्गात महाडवर प्रश्न येतो तो तारखेचा. ‘२० मार्च १९२७’ असे उत्तर येते, गुण पडतो आणि विषय संपतो. साधनांवरचे प्रश्न विद्यार्थ्यांनीच एकमेकांना घातले तर काय होते, ते एका प्रश्नावरून पाहू.

उतारे तीन घ्यावेत : तळे अस्पृश्यांना खुले करणारा महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव, ‘बहिष्कृत भारता’तील १९२७ चा वृत्तान्त आणि मुंबई उच्च न्यायालयाचा १९३७ चा निकाल. प्रत्येक उतारा आठ-दहा ओळींचा असावा आणि तो कोणी, केव्हा, कोणासाठी लिहिला हे खाली द्यावे.

प्रश्न असा : ‘१९२४ नंतर तळे अस्पृश्यांना खुले होते, असे म्हणता येईल काय?’ गुण आठ. ठराव काय म्हणतो, याला एक. ठराव होणे आणि पाणी भरता येणे या दोन गोष्टी वेगळ्या का, याला दोन. इतर दोन उताऱ्यांतून पुरावा काढण्यास तीन. पुरावा देणारा कोणत्या बाजूचा आहे, याचा विचार करण्यास दोन.

या शेवटच्या दोन गुणांवर वाद होतो. एकजण लिहितो, ‘बाबासाहेबांचे पत्र, म्हणून खरे.’ दुसरा लिहितो, ‘चळवळीचे पत्र, म्हणून एकांगी.’ दोघांनाही शून्य द्यावे, कारण दोघांनीही उतारा तपासलेला नाही. ज्याला पूर्ण गुण मिळतील, तो विरोधकांचे म्हणणे शेजारी ठेवतो. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची परंपरागत वहिवाट आहे, असा दावा स्पृश्य वादींनीच न्यायालयात केला होता. म्हणजे अस्पृश्य तेथे पाणी भरत नव्हते, याला प्रतिपक्षाचीच साक्ष मिळाली. उच्च न्यायालयाने मात्र ही वहिवाट अनादी असल्याचे सिद्ध झाले नाही, असे ठरवून वादींचे अपील फेटाळले. पाणी भरू न देणे ही एक गोष्ट आणि तसा हक्क असणे ही दुसरी. हा फरक ज्याने मांडला, त्याला पुराव्याचे तिन्ही गुण द्यावेत.

पत्रिका वाटण्यापूर्वी उतारे झाकून एका मित्राला प्रश्न विचारावा. त्याने पाठांतरावर पूर्ण उत्तर दिले तर प्रश्न फसला. उताऱ्यातले एक वाक्य उतरवून पूर्ण गुण मिळत असतील, तरीही फसला.

मग एकच उत्तर दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे. दोघांच्या गुणांत दोनपेक्षा अधिक अंतर पडले तर दोष बहुधा गुणयोजनेच्या शब्दांत असतो. ‘चांगले विवेचन : तीन गुण’ असे लिहिले की प्रत्येकजण आपल्या मर्जीने गुण देतो. ‘वादींच्या दाव्याचा उपयोग केला : तीन गुण’ असे लिहिले की मर्जीला जागा उरत नाही.

आठ ओळींच्या उताऱ्यातून संपूर्ण निकाल कळत नाही, हेही पत्रिकेवर लिहावे. ज्याला शंका येईल, त्याने मूळ निकाल काढून वाचावा.